चाव्या, सह्या आणि मुदतीच्या पावत्या

तालुक्याच्या गावातली एखादी पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. व्यवस्थापक सोमवारी राजीनामा देतात आणि मंगळवारपासून येत नाहीत. संचालक मंडळ वरिष्ठ लेखापालाला बोलावून सांगतं, "नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच बघा." प्रभारी व्यवस्थापकाला पहिला मोह होतो तो सगळ्या थकबाकीदारांना नोटिसा काढून कामाचा धडाका दाखवण्याचा. तो टाळावा. त्याच्यासमोर खरी निकड वेगळीच आहे.

पहिल्या दिवशी चाव्या. तिजोरीला सहसा दोन चाव्या असतात, एक रोखपालाकडे, दुसरी व्यवस्थापकाकडे. दुसरी परत आली की दोन संचालकांसमोर तिजोरी उघडून रोकड मोजावी आणि रोजकीर्दीशी ताडून पाहावी. सोनेतारणाची पाकिटं रजिस्टरप्रमाणे मोजावीत, त्यांची सीलं तपासावीत आणि काही पाकिटं मूल्यांकन करणाऱ्या सराफाकडून तिथेच वजन करून घ्यावीत. मुदत ठेवीच्या कोऱ्या पावत्या आणि न वापरलेले धनादेश लोक विसरतात. त्यांचे अनुक्रमांकही लिहून ठेवावेत आणि यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. ही मोजणी गेलेल्या माणसावर संशय म्हणून नसते. पुढे फरक निघाला तर तो कोणाच्या काळातला, हे त्या कागदावरून ठरतं. त्याच दिवशी सॉफ्टवेअरमधला जुन्या व्यवस्थापकाचा प्रवेश बंद करावा. त्याचाच पासवर्ड वापरत राहिलं तर तुमच्या नोंदी त्याच्या नावावर पडतात.

दुसरं काम सह्यांचं, आणि खरी अडचण इथेच येते. संस्थेचं जिल्हा बँकेतलं खातं अध्यक्ष आणि व्यवस्थापक यांच्या संयुक्त सहीने चालतं असं धरू. सही बदलायला मंडळाचा ठराव, केवायसीचे कागद आणि बँकेची पडताळणी लागते, त्यात आठवडा सहज जातो. ऑनलाइन व्यवहाराचा ओटीपी अजून जुन्या साहेबांच्याच मोबाईलवर जात असतो. म्हणून पहिल्याच सकाळी पुढच्या पंधरा दिवसांत मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी काढावी. समजा अशा ठेवी १८ लाखांच्या आहेत, तिजोरीत ४ लाख आहेत आणि बँकेत २५ लाख. कागदावर पैसा भरपूर दिसतो, पण सही होईपर्यंत हाताशी फक्त ४ लाखच असतात. गुरुवारी एका शिक्षिकेची ६ लाखांची पावती मुदत पूर्ण करते आणि काउंटरवरून तिला "सोमवारी या" असं उत्तर मिळतं. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी पसरते: व्यवस्थापक पळाला, पैसे मिळत नाहीत.

या बातमीला पतसंस्थेत जास्त धार असते. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला मिळणारं विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवीला नसतं, आणि ठेवीदारांना हे चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे यादीतल्या मोठ्या ठेवीदारांना मुदतीच्या आधीच फोन करावा, कोणाला नूतनीकरण करायचं आहे आणि कोणाला रक्कम हवी आहे ते विचारावं. ज्यांना पैसे हवेत त्यांच्यासाठी सहीचा ठराव त्याच दिवशी करून घ्यावा. ठरावाला सोमवारची सभा कशाला? तातडीची सभा बोलवता येते.

बाहेरच्या लोकांशी पहिलं बोलणं पिग्मी एजंटांकडून होतं. रोज सकाळी दुकानोदुकानी जाणाऱ्या या मंडळींनाच लोक विचारणार. त्यांना बसवून एकच वाक्य द्यावं: "व्यवस्थापकांनी राजीनामा दिलाय, सध्या अमुक काम पाहतात, व्यवहार सुरू आहेत." कारणांबद्दल मात्र कोणीही बोलू नये. याच आठवड्यात प्रत्येक एजंटाच्या काही खातेदारांची पासबुकं मागवून खतावणीशी जुळवून पाहावीत. पासबुकात भरणा आणि खतावणीत शून्य असेल, तर प्रकरण गंभीर आहे. तसं आढळलं तर एजंटाला स्वतः जाब विचारू नये. आधी नोंदींच्या प्रती काढून अध्यक्षांना लेखी कळवावं.

दुसऱ्या आठवड्यात तोंडी शब्दांचा हिशेब निघू लागतो. "साहेबांनी कर्ज मंजूर केलंय म्हणून सांगितलं होतं," असं म्हणत लोक येतात. काही खरं सांगतात, काही संधी साधतात. होही म्हणू नये आणि नाहीही. अर्ज लिहून घ्यावा आणि कर्ज समितीसमोर ठेवावा. ठेवीच्या तारणावरची छोटी कर्जं चालू ठेवायला हरकत नाही. बाकी नवी कर्जं, बदल्या आणि व्याजदर यांना नवा माणूस येईपर्यंत हात लावू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाच कुटुंबातलं जुनं कर्ज बंद होऊन त्याच रकमेचं नवं निघालं असेल, तर थकबाकी झाकली गेली असण्याची शक्यता आहे. तिची वेगळी यादी करावी.

गेलेल्या व्यवस्थापकाला फोन जरूर करावा, पण दिवसभर वीस वेळा नव्हे. प्रश्न लिहून एकदाच विचारावेत. पंधराव्या दिवशी मंडळासमोर मोजणीचा कागद, जुळणीत निघालेले फरक आणि तोंडी शब्दांची यादी ठेवावी. किती रकमेपर्यंत आपण सही करू शकतो, हे त्याच सभेत लेखी मागून घ्यावं.