अंगातला हुरूप की आजार? आधी झोप पाहा

घरात लग्न निघालं की चार दिवस कुणी धड झोपत नाही. मंडप, स्वयंपाक, पाहुणे. माणूस रात्री दोनपर्यंत राबतो आणि पहाटे पुन्हा उभा राहतो. पण त्याचे डोळे जळतात, पाय दुखतात आणि लग्न उरकलं की तो दिवसभर झोपून काढतो. हा साधा हुरूप. त्याला कारण असतं, त्यात दमणूक असते आणि काम संपलं की तो उतरतो.

आता दुसरी गोष्ट. घरी ब्लाऊज शिवणारी चोवीस वर्षांची एक मुलगी आमच्या पाहण्यात आली. महिनाभर ती अंथरुणाला खिळली होती. मशीनवर बसवेना, जेवण जाईना, 'मी असून उपयोग काय' असं म्हणायची. डॉक्टरांनी नैराश्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. दहा-बारा दिवसांत ती पहाटे तीनला उठून शिवायला लागली. घरच्यांना वाटलं, बरी झाली. पण ती तीन तासच झोपायची आणि तरी तिला थकवा नव्हता. बोलणं थांबेना, एक ब्लाऊज अर्धा टाकून दुसरा हातात घ्यायची. बचत गटातून कर्ज काढून दोन मशीन घेण्याचा बेत तिने एका दुपारीत ठरवला. कुणी अडवलं की अंगावर धावून जायची.

आईने हे सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं, असं आधी कधी झालं होतं का? तेव्हा आईला दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. पाच-सहा दिवस मुलगी अशीच होती आणि उधारीवर कापडाचा ढीग आणून बसली होती. त्यानंतर चार महिने ती गप्प पडून होती. घरच्यांनी तेव्हा दिवाळीच्या कामाचा उत्साह आणि नंतरचा शिणवटा अशी समजूत करून घेतली होती.

या चढत्या अवस्थेला हायपोमॅनिया म्हणतात. यात माणूस नेहमीपेक्षा वेगळाच होतो आणि ते घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या लक्षात येतं. हे निदान किमान सलग चार दिवस, दिवसाचा बराच वेळ, तो बदल टिकला तर करतात. सर्वांत ठळक खूण झोपेची. झोप न येणं वेगळं. ज्याला झोप येत नाही तो दुसऱ्या दिवशी गळून जातो. हायपोमॅनियात झोपेची गरजच कमी होते. हीच अवस्था आणखी वाढून माणूस भ्रमात गेला, कामधंदा पार कोलमडला किंवा दवाखान्यात भरती करायची वेळ आली, तर तो हायपोमॅनिया राहत नाही, त्याला मॅनिया म्हणतात.

कधी चढ आणि कधी उतार, असा हा बायपोलर आजार. मग आधी तो डिप्रेशन म्हणून का ओळखला जातो? कारण माणूस दवाखान्यात येतो तो उतारात. चढाचे दिवस त्याला स्वतःला छान वाटतात. त्याची तक्रार कोण करणार? शिवाय चढ काही दिवसांचा आणि उतार महिनोन्महिने चालणारा असतो. उतारातली लक्षणं साध्या डिप्रेशनसारखीच दिसतात, आणि उदास माणसाला आपले मागचे चांगले दिवस आठवतही नाहीत. कित्येकांना तर पहिल्यांदा उतारच येतो आणि चढ काही वर्षांनी दिसतो. तेव्हा डॉक्टरांनाही आधी कळणं शक्य नसतं.

नाव चुकलं की उपचार चुकतो. बायपोलर असताना नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर काहींमध्ये चढ उसळतो, जसा त्या मुलीत उसळला. तिच्या डॉक्टरांनी ती गोळी थांबवून लिथियम सुरू केलं. लिथियम मनाचा चढ-उतार आवरतं, पण त्याची रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावी लागते. ते चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या किंवा दुखण्यावर मेडिकलमधून परस्पर गोळी घेतली, तर ही पातळी धोक्याइतकी वाढू शकते. आधी डॉक्टरांना विचारा. गोळी थांबवायची की बदलायची हेही डॉक्टरच ठरवतील.

म्हणून डिप्रेशनसाठी कुणाला नेताना घरच्या माणसाने सोबत जावं आणि तीन गोष्टी न विचारता सांगाव्यात. कमी झोपून भरपूर ताकद असलेले दिवस आधी कधी आले होते का, आले असतील तर किती दिवस आणि त्यात खर्च, भांडण काय झालं. नात्यात कुणाला असे चढ-उतार किंवा आत्महत्येचा प्रयत्न झाला होता का. आणि गोळ्या सुरू झाल्यावर माणूस एकाएकी फार तरतरीत झाला का. झालाच, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मरणाची भाषा निघाली तर माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेलीमानसचा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.