कर शून्य, तरी रिटर्न का?

‘बारा लाखांपर्यंत कर नाही, मग मी रिटर्न कशाला भरू?’ नोकरीला नव्याने लागलेली मुलं हमखास हे विचारतात. कर लागत नाही हे खरं. पण नव्या कररचनेत २०२५-२६ या वर्षासाठी करमुक्त मर्यादा चार लाखांचीच आहे. त्यापुढच्या उत्पन्नावर कर लागतो आणि उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर तो माफ होतो. ही माफी मिळणार असली, तरी उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं.

समजा, एका मुलीला महिन्याला ५०,००० रुपये पगार आहे. वर्षाचे झाले सहा लाख. त्यातून नोकरदारांची ७५,००० रुपयांची सरसकट वजावट गेली की उरले ५,२५,०००. बचत खात्यावर ६,००० रुपये व्याज मिळालं, ते मिळवून ५,३१,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही. उरलेल्या १,३१,००० वर पाच टक्क्यांनी ६,५५० रुपये कर येतो आणि तो पूर्ण माफ होतो. मात्र ३१ जुलै २०२६ नंतर रिटर्न भरलं, तर उत्पन्न पाच लाखांच्या वर असल्याने ५,००० रुपये विलंब शुल्क पडेल. कर शून्य असला तरी ते चुकत नाही.

सुरुवात फॉर्म १६ पासून करा. त्यात वर्षभराचा पगार आणि कापलेला कर असतो. कर कापलाच नसेल तर काही कंपन्या तो देत नाहीत. अशा वेळी पगाराच्या स्लिपा जोडून बेरीज करायची. मग incometax.gov.in वर पॅन क्रमांकाने लॉगिन करून एआयएस उघडा. बँकांनी आणि कंपनीने तुमच्याबद्दल खात्याला कळवलेली माहिती त्यात दिसते. वरचं सहा हजारांचं व्याज फॉर्म १६ मध्ये बहुधा नसतं, इथे मात्र असतं. ते राहून गेलं की दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत आणि विचारणा येऊ शकते.

आता असेसमेंट इयर २०२६-२७ आणि आयटीआर-१ निवडा. वर्ष कमाईचं नाही, त्याच्या पुढचं निवडायचं. इथे बरेच जण चुकतात. अर्जात बरीच माहिती आधीच भरलेली असते. पगार आणि व्याज आपल्या कागदांशी ताडून पाहा.

‘सबमिट’ दाबलं म्हणजे काम संपलं असं नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून रिटर्नची पडताळणी करावी लागते. त्यासाठी तीस दिवस मिळतात. ते उलटून गेले तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरतात. म्हणजे जुलैत भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरतं आणि ते ५,००० रुपये द्यावे लागतात.