वीज गेली तरी नेट राहावं, आणि आली तरी राउटर वाचावा

मंडळी, सांगवीतलं एक साधं घर डोळ्यासमोर आणा. भिंतीवर फायबरचा मोडेम, शेजारी वाय-फायचा राउटर, आणि घरातलं कुणीतरी हिंजवडीतल्या ऑफिसचं काम घरून करतंय. वीज पाचच मिनिटं जाते, पण मीटिंग तुटते. वीज आल्यावरही दोन्ही यंत्रं सुरू होऊन जोडणी मिळायला आणखी काही मिनिटं जातात.

यावर उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, ज्याला दुकानात मिनी यूपीएस म्हणतात. तो घेताना आधी दोन्ही अ‍ॅडॅप्टरवरची अक्षरं वाचा. समजा, दोन्हींवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय. मग १२ व्होल्टचा आणि एकूण किमान २ अँपिअर देणारा यूपीएस हवा. राउटर ९ व्होल्टचा असेल तर त्याला १२ व्होल्ट लावायचे नाहीत. पिनेच्या आतली बाजू धन आहे का, हेही चिन्ह बघून जुळवा. आणि दोन्ही यंत्रं जोडा. नुसता राउटर जोडलात तर वाय-फाय दिसेल, नेट मात्र नसेल.

आता, किती वेळ चालेल? खोक्यावर ८००० एमएएच असतं, पण ते बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं. ८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३० वॉट-तास. त्यातले वापरायला २४ मिळतील असं धरा. दोन्ही यंत्रं मिळून १२ वॉट घेत असतील, तर झाले दोन तास. गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असेल, तर हा पुरणार नाही.

"मग झटक्यापासूनही वाचलो का?" असं कुणीतरी विचारणारच. नाही. यूपीएस स्वतः भिंतीतल्या सॉकेटवरच असतो. त्याच्याआधी स्पाइक गार्ड लावा. त्यातला व्हॅरिस्टर नावाचा भाग दाब वाढला की जादा वीज न्यूट्रलकडे आणि अर्थिंगकडे वळवतो. म्हणून तिसऱ्या पिनेला खरं अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. प्रत्येक झटक्याने हा भाग थोडा झिजतो. संरक्षणाचा दिवा विझला की गार्ड बदला. सॉकेट चालू आहे म्हणजे संरक्षण आहे, असं नाही. आणि न्यूट्रल तुटून दाब बराच वेळ चढा राहिला, तर व्हॅरिस्टर स्वतःच जळतो. तिथे पुरवठा तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो.

शेवटची वाट लोक विसरतात. काचेच्या फायबरमधून झटका येत नाही. पण गच्चीवरच्या पेटीतून तांब्याची लॅन केबल घरात येत असेल, तर जवळ वीज कडाडल्यावर झटका तिच्यातूनही येतो. अशा वेळी फक्त लॅनचं पोर्ट मरतं, बाकी दिवे लागलेले असतात. कडकडाट जवळ येण्याआधी ती केबल काढून ठेवा. आणि त्या पेटीला बॅकअप आहे का, हेही केबलवाल्याला विचारा. तिथली वीज गेली, तर आपली बॅटरी नुसती दिवे लावत बसेल.