एकोणचाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस

स्पर्धा परीक्षेच्या पेपरात भूमितीची एक आकृती हमखास येते. अबक हा त्रिकोण. अब 39 सेंटिमीटर, पाया बक 42, अक 45. अब या बाजूवर ड हा बिंदू असा, की अड : डब = 1 : 2. ड मधून पायाला समांतर रेषा काढली, ती अक ला इ मध्ये मिळाली. खालच्या समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ किती?

उंची दिलेली नाही, कोनही नाही. तिन्ही बाजू मात्र आहेत, आणि तेवढे पुरते. बाजूंची बेरीज 126, तिची निम्मी 63, हीच अर्धपरिमिती. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की 24, 21 आणि 18 उरतात. हेरॉनच्या सूत्रानुसार या चारही संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे क्षेत्रफळ: √(63 × 24 × 21 × 18). गुणाकार 5,71,536 होतो आणि त्याचे वर्गमूळ हाताने काढण्यात बराच वेळ जातो.

म्हणून मी मुलांना सांगतो, गुणायच्या आधी बाजूंकडे नीट पाहा. तिघींनाही 3 ने भाग जातो आणि 13, 14, 15 उरतात. हा त्रिकोण आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) तो आहे; तिथे पाया मनूंइतका, म्हणजे 14, आणि एक भुजा तिथींइतकी, म्हणजे 15 सांगितली आहे. त्याची अर्धपरिमिती 21, वजाबाक्या 8, 7, 6, आणि 21 × 8 × 7 × 6 = 7056. वर्गमूळ 84. हे 84 कुठून आले तेही दिसते: 5-12-13 आणि 9-12-15 हे दोन काटकोन त्रिकोण 12 च्या बाजूने चिकटवले, की पाया 14 होतो आणि उंची 12.

आता मूळ त्रिकोणाकडे परत यायचे आहे, आणि नेमकी इथेच चूक होते. बाजू तिपटीने मोठ्या, म्हणून 84 ला 3 ने गुणले जाते. 252 हा आकडा पर्यायांत असतोच. पण पायाही तिप्पट झाला आणि उंचीही, म्हणून क्षेत्रफळ नऊपट: 756.

मग ती समांतर रेषा. रेषा समांतर असल्यामुळे संगत कोन समान होतात, अ चा कोन दोघांना सामाईक आहे, म्हणजे कोको कसोटीने अडइ आणि अबक हे त्रिकोण समरूप. पण गुणोत्तर काय? आकृतीत 1 : 2 लिहिलेले असते, म्हणून घाईत तेच धरले जाते. अड : डब हे एकाच बाजूच्या दोन तुकड्यांचे गुणोत्तर आहे. लहान त्रिकोणाची बाजू अड आणि मोठ्याची अख्खी अब. तेव्हा 1 : 3. म्हणजे अडइ हा आपला तोच 13, 14, 15 चा त्रिकोण निघाला, क्षेत्रफळ 84. समलंब चौकोन 756 − 84 = 672. पडताळा सोपा आहे: समांतर बाजू 14 आणि 42, मधले अंतर 36 − 12 = 24, आणि (14 + 42) ÷ 2 × 24 = 672.

याच आकृतीत पुढचा प्रश्न असा येतो: बइ आणि कड हे कर्ण म मध्ये छेदतात, तर होणाऱ्या चार तुकड्यांची क्षेत्रफळे काढा. इथे डमइ आणि कमब समरूप आहेत, पण उलटे. ड ची जोडी क शी लागते, ब शी नव्हे. डम : मक हे 1 : 3, आणि डम : मब असे लिहिले की सगळे फसते. नावे लिहिताना संगत शिरोबिंदू त्याच क्रमाने लिहायची सवय लावली, तर ही चूक होत नाही. मधले 24 अंतर 6 आणि 18 असे वाटले जाते. वरचा तुकडा ½ × 14 × 6 = 42, खालचा ½ × 42 × 18 = 378. त्रिकोण डबक चे क्षेत्रफळ ½ × 42 × 24 = 504, त्यातून 378 गेले, डावीकडचा तुकडा 126. उजवीकडचाही तेवढाच, कारण डबक आणि इबक यांचा पाया एकच आणि उंचीही समान.

एक मर्यादा लक्षात असू द्या. 7, 9, 17 अशा बाजू दिल्या, तर अर्धपरिमिती 16.5 आणि त्यातून 17 वजा केल्यावर ऋण संख्या येते. असा त्रिकोण काढताच येत नाही, कारण 7 आणि 9 मिळून 17 ला पोहोचत नाहीत.

आता कागदावर आकृती काढा, चारही तुकड्यांत आकडे लिहा आणि बेरीज करा. 672 आली, तरच उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ काळे करा.