पेन्शन विकायची की ठेवायची?

निवृत्तीला सहा-आठ महिने उरले की शाळेत, तहसिलीत, पंचायत समितीत एकच चर्चा सुरू होते : 'पेन्शन विकायची का?' सरकारी भाषेत याला अंशराशीकरण म्हणतात. दरमहा मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा काही भाग, जास्तीत जास्त ४० टक्के, सोडून द्यायचा आणि त्याची एकरकमी किंमत हातात घ्यायची. ज्यांना जुनी पेन्शन लागू आहे असे बहुतेक जण चाळीसच्या चाळीस टक्के विकतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'त्यावर टॅक्स नाही ना!' हे खरं आहे. पण या करमाफीचा आपल्याला नेमका किती फायदा होतो, हा हिशेब फार थोडे लोक करतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक मुख्याध्यापिका ५८व्या वर्षी निवृत्त होत आहेत असं समजा. शेवटचं मूळ वेतन ८० हजार, म्हणजे मूळ निवृत्तिवेतन ४० हजार. त्याचे ४० टक्के म्हणजे १६ हजार रुपये त्यांनी विकायचं ठरवलं. किंमत काढताना पुढच्या वाढदिवसाला वय किती होणार ते पाहतात. इथे ते ५९ आहे आणि तक्त्यात त्यापुढे ८.३७१ हा आकडा आहे. १६ हजार गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे १६ लाख ७ हजार २३२ रुपये. ही रक्कम पूर्ण करमुक्त. त्यानंतर दरमहा मूळ निवृत्तिवेतन ४० ऐवजी २४ हजार मिळेल. महागाई वाढ मात्र पूर्ण ४० हजारांवरच मिळत राहते. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो.

आता पंधरा वर्षांची बेरीज करा. १६ हजार गुणिले १८० महिने, २८ लाख ८० हजार. हातात आले १६ लाख, सोडले जवळपास २९ लाख. कर्जाच्या भाषेत बोलायचं तर हा व्याजदर साधारण ८.७ टक्के पडतो. सात टक्के व्याज धरलं तर ही रक्कम बारा वर्षं आठ महिन्यांत फिटते. म्हणूनच पंधराऐवजी बारा वर्षांनी पेन्शन पूर्ववत करा, ही कर्मचारी संघटनांची मागणी आहे आणि माझ्या मते ती रास्त आहे. अर्थात पंधरा वर्षांच्या आत निवृत्तिवेतनधारकाचं निधन झालं तर उरलेली रक्कम कुणी वसूल करत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनातही कपात होत नाही. विकलेल्या पेन्शनचा खरा आणि निखळ फायदा हाच.

करमाफीचं गणित वेगळं आहे. मासिक निवृत्तिवेतन हे आयकर कायद्याला पगारच असतं. त्यातून नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे ज्याला फक्त पेन्शन आहे, त्याला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही. आपल्या मुख्याध्यापिकाबाईंची पेन्शन महागाई वाढीसह वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास जाईल. त्यांनी एक रुपयाही विकला नाही तरी त्यांना कर शून्यच. जो कर लागणारच नव्हता त्याच्या माफीचा आनंद कसला? ८.७ टक्क्यांनी घेतलेली ही उचल त्यांना पुरी ८.७ टक्क्यांनाच पडते. मुलीच्या लग्नासाठी किंवा घराचं कर्ज फेडण्यासाठी पैसे हवे असतील तर जरूर विकावी. नुसती बँकेत ठेवण्यासाठी मात्र नको. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, म्हणजे तिथेही घाटाच. शिवाय पाच वर्षांनी तो दर राहीलच असं नाही.

करमाफीचा खरा लाभ होतो तो वरच्या पेन्शनवाल्यांना. एखाद्या अधिकाऱ्याचं मूळ निवृत्तिवेतन ८० हजार आणि महागाई वाढीसह वर्षाचं १५ लाख धरू. वजावटीनंतर १४ लाख २५ हजार राहतात आणि उपकरासह ९७ हजार ५०० रुपये कर बसतो. त्यांनी दरमहा ३२ हजार विकले तर वर्षाचं उत्पन्न ३ लाख ८४ हजारांनी कमी होऊन १२ लाखांच्या खाली येतं आणि कर शून्य होतो. वर ३२ लाख १४ हजार करमुक्त हातात.

इथेच फसगत होते. रक्कम करमुक्त असते, तिच्यावरचं व्याज करमुक्त नसतं. त्याच अधिकाऱ्यांनी त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले तर वर्षाला २ लाख ४६ हजार व्याज येतं, उत्पन्न पुन्हा १२ लाखांवर जातं आणि कर सुमारे ७६ हजार लागतो. ९७ हजारांची बचत साडेएकवीस हजारांवर आली. बायकोच्या नावावर ठेव केली तरी सुटका नाही. नवऱ्याने दिलेल्या पैशावरचं व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो. सज्ञान मुलाला बक्षीस दिलेल्या पैशावरचं व्याज मात्र मुलाचं. कर्ज फेडलं किंवा घर बांधलं तर व्याजाचा प्रश्नच येत नाही आणि करबचत पूर्ण पदरात पडते.

खासगी कंपनीकडून पेन्शन मिळणाऱ्यांना एवढी मोकळीक नाही. ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर पूर्ण पेन्शनच्या एकरकमी किमतीचा एक तृतीयांश भाग करमुक्त, न मिळाली असेल तर निम्मा. त्यावर घेतलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात जमा होते.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या, म्हणजे एनपीएसमधल्या सरकारी नोकराची निवड आणखी निराळी. निवृत्तीच्या वेळी ५० लाख जमले असतील तर ३० लाख करमुक्त काढता येतात. उरलेल्या किमान ४० टक्क्यांची, इथे २० लाखांची, विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावीच लागते. वार्षिकीत गुंतवताना त्या २० लाखांवर कर नाही. पण त्यातून दरमहा येणारी रक्कम पूर्ण करपात्र असते, जणू आपलंच मुद्दल परत येतंय हे कायद्याला ठाऊकच नाही. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला १० हजार ८३३ रुपये, तेही नेहमीच्या वार्षिकीत आयुष्यभर तेवढेच. महागाई वाढ नाही. ही रक्कम पगार नव्हे, इतर स्रोतांतलं उत्पन्न धरली जाते, त्यामुळे तिच्यावर ७५ हजारांची वजावटही मिळत नाही. म्हणून एनपीएसमध्ये ३० लाख काढून घेणं बहुतेकांसाठी बरोबरच, फक्त वार्षिकी घेताना मृत्यूनंतर खरेदी किंमत वारसाला परत देणारा पर्याय निवडला आहे का, ते कागदावर तपासा. त्यात मासिक रक्कम थोडी कमी येते.

जुन्या पेन्शनवाल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत दिला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दिवशीच घाईने सही करायची गरज नाही. आणि चाळीस टक्के ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. लागेल तेवढेच, दहा किंवा पंधरा टक्के विकले तरी चालतात. विकल्यानंतर मात्र कपात कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते कोषागारातून लेखी घेऊन पीपीओसोबत ठेवा. पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होण्याची तारीख तिथूनच मोजली जाते.