अर्धं तिचं, अर्धं त्याचं

पावसात अडकलेले दोघं अनोळखी आणि त्यांना जोडणारं एक अर्धवट आठवणारं गाणं, ही कल्पना कथालेखकाला मोह घालणारी आहे. अशा बहुतेक कथा मात्र पाऊस आणि हळवेपणा यांवरच संपतात. कथा उभी राहते ती गाण्याच्या तुटलेल्या जागेवर. गाणं नेमकं कुठे तुटलंय आणि तिथेच का, हे लेखकाला आधी ठाऊक हवं.

आपल्याला गाणं आठवतं ते साखळीसारखं, एका ओळीला धरून दुसरी. पाठ असलेल्या एखाद्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातली तिसरी ओळ एकदम सांगून पाहा. बहुतेकांना ते कडवं पहिल्यापासून म्हणावं लागतं. मधली एखादी ओळ निसटली, की पुढचं सगळं पाठ असूनही तिथवर पोचता येत नाही. शब्द गेला तरी त्याची जागा मात्र शिल्लक राहते. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की जिभेवर आलेला शब्द सापडत नसतानाही लोकांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर किंवा त्यातल्या अक्षरांची संख्या सांगता येते. गाण्यात तर चाल ती जागा राखून ठेवते. म्हणून विसरलेल्या शब्दाच्या ठिकाणी आपण ‘ललला’ म्हणतो, आणि तेही बरोबर मात्रांचं. शब्द चुकीचा घातला तरी तो सहसा त्याच मापाचा असतो.

आता साखरप्याचा एसटी थांबा घेऊ. आषाढातली संध्याकाळ, आंबा घाटात दरड आल्याने गाड्या खोळंबलेल्या, फोनला रेंज नाही. रेंज नसणं ही लेखकाची सोय आहे, पण ती एका वाक्यात उरकली तर खपते. बाकावर साठीच्या एक बाई, देवरूखला निघालेल्या. खांबाला टेकून चाळिशीजवळचा एक वायरमन, त्याला कोल्हापूर गाठायचंय. पत्र्यावरच्या पावसामुळे सुरुवातीला एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. बाई स्वतःशीच गुणगुणतात, ध्रुवपद संपलं की थांबतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तिसऱ्यांदा त्या थांबतात तेव्हा तो पुढची ओळ म्हणतो.

“तुम्हाला येतं हे?” बाई विचारतात.

“इथून पुढचंच येतं, काकू. सुरुवात कधी ऐकलीच नाही.”

या उत्तराला कारण हवं. बाई शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत होत्या. कडवी म्हणायची एकीने, बाकीच्यांनी फक्त ध्रुवपद धरायचं. ते त्यांच्या अंगात मुरलंय, कडव्यांची मात्र नुसती चाल राहिलीय. त्याच्या घरी या गाण्याची कॅसेट होती. तो वर्षभराचा असताना वडिलांनी त्याचे बोबडे बोल त्याच कॅसेटच्या सुरुवातीला टेप केले आणि तेवढं गाणं पुसलं गेलं. पुढे वडील गेले. त्याच्या लेखी हे गाणं नेहमी स्वतःच्याच बोबड्या आवाजानंतर, पहिल्या कडव्यापासून सुरू होत आलं आहे.

इथे लेखकाचा हात घसरण्याची भीती असते. बाईंनाही त्या गाण्यापाशी एखादा मृत्यू जोडून दिला, की योगायोग फार मोठा होतो आणि वाचकाचा विश्वास उडतो. त्यांची आठवण साधीच राहू द्यावी: मागची रांग, आणि पुढे उभं राहायला न मिळाल्याची खंत. दोघांचं दुःख सारखं नाही. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे, एवढं पुरतं.

मग जुळवाजुळव सुरू होते. ध्रुवपद तिचं, कडवं त्याचं, आणि कडव्यातून ध्रुवपदावर परत येताना दोघंही अडखळतात. तो एक शब्द म्हणतो. “तसा नाही रे तो,” असं बाई बोलून जातात. मघाचं ‘तुम्ही’ गळून पडलंय. जवळीक झाल्याचं लेखकाने आणखी वेगळं सांगायची गरज उरत नाही. तो आपल्या शब्दावर अडून बसतो, कारण लहानपणी त्याने ऐकला तो तसाच. दोन्ही शब्द मात्रांत बसतात. खरा कोणता, हे कथेने ठरवू नये.

देवरूखची गाडी आधी यावी. नावं विचारायची राहून जावीत, पण गाडीत चढताना बाईंनी त्याच्याकडून दुसरं कडवं पुन्हा एकदा म्हणवून घ्यावं आणि त्याने ध्रुवपद बिलाच्या पाठीवर उतरवून घ्यावं. त्यापुढे एक ओळही नको.

अशी कथा लिहायला घेणार असाल, तर पाऊस सर्वांत शेवटी लिहा. आधी दोन कागद घ्या. एकावर तिला येणारं गाणं, दुसऱ्यावर त्याला येणारं, आणि प्रत्येक तुकड्याखाली तो तिच्याकडे किंवा त्याच्याकडे कुठून आला ते लिहा. एक जरी कारण सुचलं नाही, तरी कथा अजून लिहायला घेऊ नका.