पुलावातलं पाणी

पुलाव बिघडला की दोष बहुतेक वेळा तांदळाला दिला जातो. तांदूळ नवा होता, बासमती नावालाच होता, दुकानदाराने फसवलं. कधी कधी ते खरंही असतं. पण तोच तांदूळ, त्याच भाज्या आणि तेच माप घेऊन एकदा पातेल्यात आणि एकदा कुकरमध्ये पुलाव केला, तर एक मोकळा आणि दुसरा गिच्च होऊ शकतो. कारण पाण्याच्या हिशेबात असतं. पातेलं आणि कुकर यांना एकच माप चालत नाही, आणि एका भांड्यातसुद्धा तांदूळ दुप्पट केला म्हणून पाणी दुप्पट करून भागत नाही.

भातात घातलेल्या पाण्याच्या दोन वाटण्या होतात. एक वाटणी तांदूळ पितो, दुसरी वाफ होऊन उडून जाते. तांदळाची वाटणी ठरलेली असते. चांगल्या जुन्या बासमतीला शिजून मोकळा व्हायला आपल्या मापाच्या सव्वा ते दीड पट पाणी लागतं. ते तो पातेल्यात पितो तेवढंच कुकरमध्येही पितो. वाफेची वाटणी मात्र तांदळावर अवलंबून नसते. ती भांड्याच्या तोंडावर, झाकण किती घट्ट बसतं त्यावर, आचेवर आणि भांडं किती वेळ उकळत राहतं त्यावर ठरते. पातेल्यात ही वाटणी मोठी, कुकरमध्ये अगदी लहान. दोन्ही पद्धतींतला पाण्याचा फरक एवढ्यावरूनच समजतो.

चार-पाच माणसांच्या पुलावाचा हिशेब मांडून पाहू. माप 200 मिलीलिटरच्या वाटीचं. दोन वाट्या जुना बासमती, म्हणजे साधारण 330 ग्रॅम, तीन-चार पाण्यांतून हलक्या हाताने धुऊन अर्धा तास भिजवला आणि चाळणीत निथळत ठेवला. दोन वाट्या तांदळाला एकूण पावणेतीन वाट्या पाणी प्यायचं आहे असं धरू. त्यातलं सुमारे अर्धी वाटी त्याने भिजतानाच पिऊन घेतलं. उरलं सव्वादोन वाट्या. जाड बुडाच्या पातेल्यात, आधी उघडं उकळून मग झाकण ठेवलं, तर जवळपास एक वाटी पाणी वाफेत जातं. म्हणून पातेल्यात सव्वातीन वाट्या पाणी घालायचं. कुकरमध्ये शिट्टीपर्यंत आणि शिट्टीबरोबर जाणारी वाफ फार तर पाव वाटी. म्हणून तिथे अडीच वाट्या पुरतात.

आता पाहुणे वाढले आणि तांदूळ चार वाट्या झाला. पातेल्यातलं पाणी साडेसहा वाट्या करायचा मोह होतो, आणि इथेच पंगतीचा पुलाव गिच्च होतो. तांदळाची वाटणी दुप्पट होऊन साडेचार वाट्या झाली, पण वाफेची वाटणी एक वाटीची दोन झालेली नाही. पातेलं थोडं मोठं घेतलं म्हणून ती सव्वा वाटी धरावी. एकूण पावणेसहा. जास्तीची पाऊण वाटी कुठेच जात नाही, ती तळच्या भातात बसते.

या हिशेबात भाज्यांचंही पाणी धरावं लागतं. गाजर, फरसबी, फ्लॉवर, वाटाणा यांचं पाणी बऱ्यापैकी त्यांच्याजवळच राहतं, त्यामुळे तांदळाइतक्याच मापाच्या भाज्यांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. टोमॅटोचं तसं नाही. तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. एक मध्यम टोमॅटो वाटून घातला, तर तो रस वाटीत मोजावा आणि तेवढं पाणी कमी करावं. दह्याचंही तेच. फ्रीझरमधले वाटाणे बर्फासकट टाकले तर तो बर्फही पाणीच असतो, म्हणून ते आधी निथळून घ्यावेत.

पातेल्यातला पुलाव डोळ्यांनी करता येतो, आणि तेच त्याचं मोठं सुख आहे. तुपावर तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलची, शहाजिरे, मग उभा चिरलेला कांदा, मग गाजर-फरसबी. निथळलेला तांदूळ घालून उलथन्याने मिनिट-दोन मिनिटं परतायचा. कालथा भांड्याच्या कडेने खाली घालून वर उचलायचा, घोटायचा नाही. भिजलेलं शीत नाजूक असतं. ते मोडलं की आतलं पीठ पाण्यात उतरतं आणि तेच पुढे शितांना एकमेकांना चिकटवतं. पाणी आधणाचंच हवं. गार पाणी घातलं तर ते तापेपर्यंत तांदूळ कोमट पाण्यात पडून राहतो, बाहेरून मऊ होतो आणि आत कणी तशीच असते. मीठ घातल्यावर पाण्याची चव घ्यावी, ते खाऱ्याकडे थोडं झुकलेलं असावं. पाणी तांदळात गेल्यावर चव बरोबर येते.

मोठ्या आचेवर उघडं उकळलं की पाच-सहा मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं आणि भाताच्या पाठीवर लहान लहान भोकं पडून त्यांतून वाफ फुटू लागते. हीच वेळ साधायची. वाटाणे आणि फ्लॉवरचे तुरे आता वर पसरायचे, घट्ट झाकण ठेवायचं, पातेल्याखाली तवा सरकवायचा आणि आच अगदी बारीक करायची. आठ ते दहा मिनिटं. झाकण उचलून पाहण्याचा मोह आवरायचा, कारण प्रत्येक वेळी उचललेलं झाकण हिशेबातली वाफ घेऊन जातं.

कुकरमध्ये हे काहीच दिसत नाही. तिथे कानावर भिस्त असते, आणि घोटाळा शिट्ट्यांच्या मोजणीत होतो. शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे. कुकरमधला दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की वरचं वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. त्या दाबाला आतलं पाणी 100 ऐवजी जवळपास 120 अंश सेल्सिअसला उकळतं. मोठ्या आचेवर लगोलग तीन शिट्ट्या होतात, बारीक आचेवर एका शिट्टीला पाच मिनिटं लागू शकतात. तीन लिटरच्या कुकरमध्ये दोन वाट्या तांदळाची शिट्टी लवकर होते. तोच तांदूळ साडेसात लिटरच्या कुकरमध्ये घातला तर मोकळी जागा वाफेने भरेपर्यंत तो शिजतच राहतो. म्हणून शेजारणीच्या घरच्या ‘दोन शिट्ट्या’ आपल्या कुकरला लागू पडतीलच असं नाही.

भिजवलेल्या बासमतीला एक शिट्टी पुरते, पण ती मोठ्या आचेवरची. शिट्टी झाली की गॅस बंद. न भिजवलेल्या तांदळाला पाणी अर्धी वाटी जास्त आणि दोन शिट्ट्या. कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, कारण भात फुगतो आणि फेस शिट्टीच्या नळीत चढतो. शिट्टी न येता झाकणाच्या कडेने वाफ जात असेल, तर गॅस लगेच बंद करावा. रबर सैल झालेलं असतं, सगळा हिशेब कोलमडतो आणि थोड्याच वेळात करपल्याचा वास येतो.

एका शिट्टीत तांदूळ कसा शिजतो, याचं उत्तर शिट्टीनंतरच्या दहा मिनिटांत आहे. गॅस बंद झाला तरी दाब पूर्ण उतरेपर्यंत आतलं तापमान 100 अंशांच्या वरच असतं. तेवढा वेळ पुलाव शिजतच असतो, आणि पाण्याच्या मापात तोही धरलेला असतो. घाईने चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडली, तर दाब एकदम पडतो, शंभराच्या वर तापलेलं पाणी एकाच वेळी उसळून उकळतं आणि नरम झालेली शितं मोडतात. भाजी तळाला, फेस वर आणि मध्ये अर्धवट शिजलेला भात असा पुलाव मिळतो. दाब आपोआप उतरू द्यावा. मात्र तो उतरल्यावर झाकण लगेच काढावं. बंद कुकरमध्ये अर्धा तास पडून राहिलेल्या पुलावावर झाकणाचं पाणी ठिबकतं आणि वरचा थर चिकट होतो.

परदेशात विजेच्या तापणाऱ्या चकतीवर कुकर लावणाऱ्यांनी शिट्टी होताच कुकर चकतीवरून बाजूला उचलून ठेवावा. बटण बंद केलं तरी चकती बराच वेळ तापलेली राहते, आणि तळचा भात लागतो.

पातेल्यातल्या पुलावालाही मुरायला वेळ लागतोच, फक्त तिथलं काम वेगळं असतं. गॅस बंद केला तेव्हा तळचा भात ओला आणि वरचा कोरडा असतो. झाकणाखाली दहा मिनिटांत ओल खालून वर सरकते आणि सगळीकडे सारखी होते. शिताच्या बाहेरचा ओला, बुळबुळीत थरही निवताना घट्ट होतो. गरम भात लगेच ढवळला तर मोडतो, तोच दहा मिनिटांनी काट्याने मोकळा केला तर फडफडीत सुटतो. झाकणाला पाण्याचे थेंब फार दिसत असतील, तर झाकणाखाली कोरडं सुती फडकं धरावं.

शितावरून भाताची परीक्षा असं म्हणतात, पण पुलावाचं एक शीत पाहून भागत नाही. वरचं एक, मधलं एक आणि कडेने उलथनं घालून तळचं एक, अशी तीन शितं बोटांत चेपून पाहावीत. तिन्ही एकसारखी दबली तर पुलाव झाला. वरच्यात कणी लागली आणि तळ कोरडा असेल, तर दोन-तीन चमचे कडकडीत पाणी शिंपडून झाकण ठेवून बारीक आचेवर पाच मिनिटं. तळ ओला असेल तर पाणी जास्त झालंय; झाकण काढून पुलाव परातीत पसरावा, वाफ निघून जाईल.

कोणतं भांडं चांगलं, हा प्रश्न तांदळापेक्षा भाजीचा आहे. हिशेब जमला तर तांदूळ दोन्हीत मोकळा होतो. पण कुकरच्या उष्णतेत फ्लॉवर विरतो आणि वाटाण्याचा हिरवा रंग शेवाळी होतो. भाज्यांतून सुटलेलं आम्ल बंद भांड्यात कोंडून राहतं, आणि उष्णता व आम्ल मिळून हिरवेपणा घालवतात. पातेल्यात उघड्या उकळीबरोबर त्यातलं काही उडून जातं, शिवाय वाटाणे उशिरा घालता येतात. त्यामुळे फ्लॉवर-वाटाण्याचा पुलाव पातेल्यातच करावा. बटाटा, गाजर, सुरण किंवा भिजवलेले काबुली चणे असतील तर कुकर सरस. चणे मात्र आधी वेगळे शिजवून घ्यावे लागतात. कुकरलाच पर्याय नसेल तर गाजराचे बोटभर तुकडे, फरसबी दोन इंच आणि फ्लॉवरचे तुरे लिंबाएवढे ठेवावेत.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक रीत आहे: कुकरच्या डब्यात पुलाव, खाली जाळी आणि तळाला पाणी. फोडणी कढईत करून तांदूळ-भाजी डब्यात घातली, तर डब्यातलं पाणी जवळपास उडतच नाही, कारण वाफ तळच्या पाण्याची होते. भिजवलेल्या दोन वाट्या तांदळाला डब्यात सव्वादोन वाट्याच पाणी घालावं, आणि उष्णता डब्यातून आत जायला वेळ लागतो म्हणून तीन शिट्ट्या द्याव्यात. डब्यावर ताटली झाकावी, नाहीतर कुकरच्या झाकणावरून ठिबकणारं पाणी थेट पुलावात पडतं.